जांभ्याच्या भिंतीला वाळायला उसंत द्या: वाढत्या पावसासाठी जुन्या देवळाचं नियोजन

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, घाटाच्या अंगाला, बऱ्याच गावांत एकाच धाटणीची देवळं दिसतात. गाभारा काळ्या दगडाचा. पुढं सभामंडप, त्याच्या भिंती जांभ्या दगडाच्या आणि हातभर रुंद. आत तळखड्यांवर उभे लाकडी खांब, वर मंगळुरी कौलं. हलशी, देगावची कदंबकालीन देवळं किंवा बेळगावच्या किल्ल्यातली 1204 सालची कमल बस्ती यांची देखभाल पुरातत्त्व खात्याकडं असते. गावातल्या या सभामंडपांकडं मात्र पंच कमिटीशिवाय कोणाचं लक्ष नसतं. म्हणून हा लेख पंचांसाठी आहे, आणि असा एखादा जुना वाडा सांभाळणाऱ्या घरांसाठीही.

हवामान बदलाचं नाव निघालं की लोक आधी समुद्र वाढेल का विचारतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे, समुद्र इथवर येत नाही. कारवारला, काळी नदीच्या मुखाजवळच्या जुन्या इमारतींना तो प्रश्न आहे. तिथं खारं पाणी पायातून भिंतीत चढतं आणि क्षार दगड फोडतात. त्यांचा आराखडा वेगळा लागतो, तो उचलून इथं वापरून चालणार नाही. आपल्याकडचं दुखणं आकाशातून पडणाऱ्या पाण्याचं आहे, त्यातही पडण्याच्या तऱ्हेचं. हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. तेच बाष्प थोड्या वेळात मोठ्या सरी होऊन खाली येतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यानं हे पाहिलं. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा त्या आठवड्यात खाली बागलकोट जिल्ह्यात पट्टदकलच्या देवळांपर्यंत पसरली होती.

आता मूळ मुद्दा. जांभा भिजतोच, त्याच्या अंगभर छिद्रं असतात. बांधकामासाठी चांगला समजला जाणारा जांभाही वजनाच्या 12 टक्क्यांपर्यंत पाणी पितो, असं भारतीय मानकातच धरलेलं आहे. पूर्वीचे गवंडी हे जाणून होते. भिंत पावसाळ्यात भिजेल आणि पुढच्या आठ महिन्यांत वाळेल, असा त्यांचा हिशोब होता. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, जोतं उंच असतं, वळचण लांब असते. आज दोन्ही बाजूंनी हा हिशोब बिघडला आहे. पाऊस थोड्या वेळात जास्त पडतो आणि दिवाळीनंतरही सरी येतात. त्याच वेळी आपण भिंतीला सिमेंटनं बंद करून तिची वाळण्याची वाट अडवली आहे. पावसावर आपला हात नाही, पण दुसऱ्या गोष्टीवर पूर्ण आहे. पुढचे सगळे टप्पे त्याच धाग्यानं जातात.

आधी मालकी पाहा

हत्याराला हात लावण्याआधी इमारत कोणाच्या यादीत आहे ते पाहा. केंद्रीय संरक्षित असेल तर ती भारतीय पुरातत्त्व खात्याच्या धारवाड मंडळाकडं येते. तिच्याभोवतीच्या पहिल्या 100 मीटरमध्ये नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या 200 मीटरमध्ये बांधकामाला आणि दुरुस्तीला परवानगी घ्यावी लागते. राज्य संरक्षित असेल तर राज्याच्या पुरातत्त्व खात्याला विचारावं लागतं. देवस्थान मुजराई खात्याकडं असेल तर तिथून लेखी मंजुरी घ्या. यापैकी काहीच नसेल आणि देऊळ पंचांचं असेल, तर ग्रामसभेत ठराव करून कामाला लागा. ठरावात 'जीर्णोद्धार' ऐवजी 'दुरुस्ती' लिहा. माझ्या अनुभवात जीर्णोद्धार हा शब्द कागदावर आला की चार महिन्यांत जुनं पाडून स्लॅब टाकायची बोलणी सुरू होतात.

पायऱ्या मोजा

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जातो. गावाचं नाव देत नाही. सभामंडप 12 मीटर लांब, 9 मीटर रुंद. जांभ्याच्या भिंती 60 सेंटिमीटर जाड. कौलांचे दोन उतार, पुढचा अंगणाकडं आणि मागचा फणसाच्या झाडांकडं. पंचांची तक्रार अशी होती की भिंतीच्या तळाशी रंगाचे पोपडे सुटतात, पांढरा लोणा येतो आणि दर तीन वर्षांनी सिमेंटचा गिलावा नव्यानं करावा लागतो. तो गिलावाही दर खेपेला हातभर उंच चढवावा लागत होता.

मी गेलो तेव्हा भिंत बघायच्या आधी पायऱ्या मोजल्या. अंगणातून मंडपात जायला दोन पायऱ्या होत्या, प्रत्येकी 16 सेंटिमीटर. मग पुजाऱ्यांच्या घरात त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाचा फोटो बघायला मागितला. देवळासमोर उभ्या वऱ्हाडाच्या पायाशी चार पायऱ्या स्पष्ट दिसत होत्या. म्हणजे अंगण दोनदा उंचावलं होतं. आधी काँक्रीट पडलं, मग त्यावर खडी-वाळू आणि फरशीचे ब्लॉक. 64 सेंटिमीटरचं जोतं 32 वर आलं होतं.

हे का महत्त्वाचं ते पागोळ्यांखाली उभं राहिलं की कळतं. वळचणीवरून पडणारी धार जमिनीवर आपटते आणि शिंतोडे भिंतीवर उडतात. मातीवर किंवा गवतावर ते कमी उडतात, कठीण फरशीवर बरेच जास्त. तिथं लाल शिंतोड्यांची रेष फरशीपासून 48 सेंटिमीटर उंच होती. जोतं 64 चं असताना ही रेष दगडी जोत्यातच संपली असती. आता जोतं 32 चं आहे, म्हणून वरची 16 सेंटिमीटर जांभ्याची भिंत प्रत्येक सरीत भिजत होती. पंचांना वाटत होतं की ओल जमिनीतून चढते. थोडी चढतही होती, पण मोठा वाटा बाहेरून आपटणाऱ्या पाण्याचा होता.

तुम्हीही हेच करा. आषाढात एका मोठ्या सरीनंतर शिंतोड्यांची रेष चारही भिंतींवर खडूनं आखा, उंची लिहा, फोटो काढा. जोत्याचा माथा कुठं आणि रेष कुठं, हे दोन आकडे तुमच्या आराखड्याचा पाया आहेत.

ओल भिंतीची की हवेची?

आतल्या बाजूला ओल दिसली तर ती कुठून येते ते ठरवल्याशिवाय खर्च करू नका. साधी तपासणी आहे. हातभर चौरस प्लास्टिकचा जाड कागद भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. थेंब कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडं, साचले तर ओल भिंतीतून बाहेर येते आहे. बाहेरच्या बाजूला साचले तर हवेतलं बाष्प थंड पृष्ठभागावर जमतं आहे. मग उपाय भिंतीवर करायचा नाही, दारं-खिडक्या उघडायच्या. बऱ्याच देवळांत मंडपाचे झरोके काचा किंवा जाळ्या लावून बंद केले आहेत. त्यामुळं आतली ओल आतच राहते.

खांबांचीही परीक्षा घ्या. पातळ पेचकस तळखड्याजवळ लाकडात हळूच टोचा. दोन-तीन मिलिमीटरवर अडला तर लाकूड ठीक आहे. सहज बोटभर आत गेला तर खांबाचा बुंधा कुजला आहे. अशा वेळी आधी जाणकार सुताराला बोलवा आणि धिरा लावून वजन तोलून धरा. भिंतीचं काम त्यानंतर.

पावसाचा आकडा कुठून आणायचा

"पाऊस फार पडतो" एवढ्यावर आराखडा होत नाही. वर्षाची बेरीजही फारशी उपयोगाची नाही. कणकुंबीला बेळगाव शहरापेक्षा कितीतरी पट पाऊस पडतो, पण पन्हळ तुंबते ती दहा-पंधरा मिनिटांच्या सरीनं. म्हणून अल्पकाळातला जोर कळायला हवा. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची स्वयंचलित पर्जन्यमापकं ग्रामपंचायत पातळीवर बसवलेली आहेत. जवळच्या मापकाची मागच्या काही वर्षांची नोंद पंचायतीमार्फत पत्र देऊन मागा. बरोबर आपलीही नोंद ठेवा. सरळ कडांचा, तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा स्टीलचा डबा उघड्यावर ठेवा. मोठी सर आली की घड्याळ लावून पंधरा मिनिटांत किती मिलिमीटर पाणी साठलं ते पट्टीनं मोजा. शाळेतली मुलं हे काम मोठ्या हौसेनं आणि चोख करतात, हे मी पाहिलं आहे.

आता आपल्या उदाहरणातला हिशोब. धरू या की सर्वांत जोरदार सरीत पंधरा मिनिटांत 28 मिलिमीटर पाऊस पडला. तासाच्या मापात तो 112 मिलिमीटर होतो. आज केलेली पन्हळ निदान तीस वर्षं टिकावी अशी अपेक्षा असते आणि त्या काळात सरींचा जोर वाढणार आहे. म्हणून मी त्यात चौथाई मिळवतो: 112 चे 140, आणि सोयीसाठी 150. ही चौथाई माझ्या अंदाजाची आहे. थोड्या वेळाच्या सरींचा जोर बाष्पाच्या 7 टक्क्यांहून जास्त वाढू शकतो, हे लक्षात घेऊन ती ठेवली आहे.

पुढच्या उताराचं आडवं क्षेत्रफळ 12 गुणिले साडेचार, म्हणजे 54 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. ताशी 150 मिलिमीटरनं 8,100 लिटर, म्हणजे मिनिटाला 135 लिटर. दर साडेसहा-सात सेकंदाला एक घागर भरेल एवढी ही धार आहे.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या कोष्टकात 100 मिलिमीटर व्यासाचा उभा पाइप ताशी 75 मिलिमीटर पावसाला 57 चौरस मीटर छप्पर सांभाळतो. ताशी 150 ला तोच पाइप केवळ 28.5 चौरस मीटर सांभाळतो. आपल्या देवळावर पुढं एकच पाइप होता. 75 च्या पावसाला तो पुरत होता, म्हणून इतकी वर्षं कोणाची तक्रार नव्हती. 150 ला दोन लागतात, आणि दोन पाइप मिळून 57 होतात, म्हणजे 54 ला जेमतेम पुरतात. 'पूर्वी कधी असं होत नव्हतं' असं गावात जे म्हणतात, त्यामागं बरेचदा एवढंच गणित असतं.

पन्हळ लावावी का?

इथं माझं मत सरळ सांगतो. जिथं झाडांचा पाला पडतो आणि शिडी लावून साफ करणारा नेमका माणूस ठरलेला नाही, तिथं पन्हळ लावू नये. तुंबलेली पन्हळ नसलेल्या पन्हळीपेक्षा वाईट. ती पाणी साठवून थेट भिंतीच्या माथ्यावर सांडते आणि वाशांची टोकं कुजवते. आपल्या पूर्वजांनी घाटमाथ्यावर पन्हळी न लावता लांब वळचण आणि उंच जोतं ठेवलं, त्यामागं अनुभव होता.

म्हणून त्या देवळात आम्ही दोन बाजूंना दोन वेगळे उपाय केले. पुढं, जिथं माणसांची ये-जा आहे आणि झाडं नाहीत, तिथं पन्हळ लावली. दीडशे मिलिमीटर रुंद, मधून दोन्ही टोकांकडं उतार, सहा मीटरला तीन सेंटिमीटर. दोन्ही टोकांना 100 मिलिमीटरचे पाइप. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा बोटभर खाली ठेवली. कधी तुंबलीच तर पाणी अंगणात सांडेल, भिंतीकडं जाणार नाही. दुकानदार किंवा फिटर दोन्ही कडा सारख्या ठेवून देतात, त्यांना हे आधी बजावून सांगा.

मागं फणसाखाली पन्हळ लावली नाही. पागोळ्या पडतात त्या रेषेवरचे ब्लॉक आणि काँक्रीट काढून 45 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल चर खणला आणि त्यात अंगठ्याएवढी खडी भरली. धार खडीवर पडली की फुटते आणि शिंतोडे उडत नाहीत. पंचांपैकी एकाचं म्हणणं होतं की चरात पाणी मुरेल, बाहेर काढायला पाइप कशाला? मग तोही हिशोब मांडला. 12 मीटर लांब चराचं घनफळ 1.62 घनमीटर. खडीतली पोकळी चाळीस टक्के धरली तर साधारण 650 लिटर पाणी मावतं. मिनिटाला 135 लिटरनं तो पाच मिनिटांत भरतो. पुनर्वसूच्या तरण्या पावसात जमीन आधीच तुडुंब असते, मुरायला जागाच नसते. भरलेला चर भिंतीच्या पायाशी तळं होऊन बसला असता. म्हणून चराच्या तळाला मीटरला एक सेंटिमीटर उतार दिला आणि पाणी पाइपनं गावओढ्याकडं काढलं. चर खणताना पायाच्या दगडाच्या तळाखाली कधीही जाऊ नका. आमच्या बरोबरच्या म्हाताऱ्या गवंड्यानं, ज्यांना सगळे मामा म्हणतात, पहिल्याच दिवशी पाया कुठवर आहे ते पाहायला कोपऱ्यात एक वीतभर खड्डा घेऊन दाखवलं. "पानी येतंय कुठनं ते मागनं बघूया, जायाला वाट हाय का आधी बघा," असं ते दिवसभर म्हणत होते.

एक गोष्ट विसरू नका: तुमचं पाणी शेजाऱ्याच्या परसात तर जात नाही ना? आराखड्याच्या नकाशावर पाणी ओढ्यापर्यंत पोचेपर्यंत बाण काढा. मध्येच थांबणारा बाण म्हणजे पुढच्या वर्षीचं भांडण.

सिमेंट काढणं आणि थांबणं

हा टप्पा सगळ्यांत अवघड, कारण यात बराच काळ काहीच करायचं नसतं. सिमेंटचा गिलावा भिंतीच्या तळाकडून काढायला दिवाळीनंतर सुरुवात करावी. छिन्नी-हातोडीनं, हलक्या हातानं, यंत्र लावू नये. गिलाव्याबरोबर जांभ्याचा चेहरा निघून येत असेल तर तिथं थांबा. तेवढा तुकडा तसाच ठेवा आणि भोवतीचा काढा. दगड फोडून भिंत 'साफ' करण्यात अर्थ नाही.

उघडी झालेली भिंत लगेच गिलावायची नाही. जुन्या बांधकामात ठोकळ हिशोब असा की भिंतीच्या जाडीला दर इंचाला एक महिना वाळायला लागतो. 60 सेंटिमीटर म्हणजे साधारण 24 इंच, म्हणजे 24 महिने. दोन्ही बाजूंनी वाळली तर निम्मे. आणि आपल्याकडं वर्षातले कोरडे महिने आता सातच. एका उन्हाळ्यात ही भिंत कोरडी होणार नाही, हे पंचांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर पाडव्याला रंगाचा आग्रह सुरू होतो. आम्ही पहिल्या हिवाळ्यात सिमेंट काढलं, भिंतीलगत एक मीटर रुंदीचं अंगण पुन्हा खाली घेतलं आणि भिंत उघडी ठेवली. मधल्या पावसाळ्यात झड लागू नये म्हणून वळचणीखाली बांबूचे तट्टे बांधले. तट्टे भिंतीपासून हातभर अंतरावर होते, वारा खेळता राहावा म्हणून. दुसऱ्या हिवाळ्यात गिलावा केला.

उन्हाची गोष्ट इथंच येते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात मी चुन्याचा गिलावा एप्रिलमध्ये करवून घेतला. जत्रा जवळ आली होती आणि मी नाही म्हणू शकलो नाही. पाणी आत शिरण्याआधीच उन्हानं उडालं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट व्हायला लागतो तेवढा वेळ ओला राहिलाच नाही. जूनमध्ये बोटानं खरवडला तर भुगा हाताला येत होता. ती चूक माझी होती. उन्हाळे लवकर सुरू होत आहेत, फेब्रुवारीतच दुपारी भिंती तापतात. म्हणून चुन्याचं काम कार्तिकापासून पौषापर्यंत उरका, माघ उजाडू देऊ नका.

काम असं: चुनकळी भिजवून तो चुना निदान तीन आठवडे मुरवा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली खरखरीत वाळू. पावसाचा मार बसणाऱ्या तळाच्या भागात थोडी वाळू कमी करून त्याजागी विटांचा भुगा, म्हणजे सुरखी घाला. जुने लोक गूळ-हिरड्याचं पाणी घालत. ते जाणणारा गवंडी असेल तर त्याच्या प्रमाणानं घाला, पुस्तक वाचून नको. आधी भिंत पाणी मारून ओली करा. एक थर बारा मिलिमीटरपेक्षा जाड नको. थर घट्ट होईपर्यंत दुसरा नको. वर ओलं गोणपाट लावून सात ते दहा दिवस ओलं ठेवा. शेवटी चुन्याचीच सफेदी करा, तैलरंग किंवा प्लास्टिकचा रंग नको. तो पुन्हा भिंतीचं तोंड बांधतो आणि दोन वर्षांची मेहनत वाया जाते.

हा गिलावा दहा-बारा वर्षांत झिजेल. झिजू द्या. भिंतीऐवजी मार खाणं हेच त्याचं काम आहे.

कौलं, आणि पत्र्याचा मोह

शाकारणी चैत्रात करा. फुटलेली कौलं बदलताना कडेच्या दोन रांगा आणि आढ्याची कौलं तांब्याच्या तारेनं बांधून घ्या. वळवाच्या वाऱ्यात तीच आधी उडतात. तीसेक कौलं त्याच जातीची, त्याच मापाची, बाजूला राखून ठेवा. निरनिराळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत आणि जुन्या मापाची नंतर मिळत नाहीत.

बऱ्याच गावांनी कौलांवर लोखंडी सांगाडा उभा करून पत्र्याचं मोठं छप्पर घातलं आहे. पाऊस कौलांवर पडत नाही हे खरं. पण पत्र्याची कड जोत्याच्या आत राहिली तर सगळं पाणी एका रेषेत भिंतीच्या पायाशी कोसळतं. खांबांचे काँक्रीटचे पाये जुन्या पायालगत खणलेले असतात तेही पाहा. पत्रा घालायचाच असेल तर कड जोत्यापासून निदान एक मीटर बाहेर न्या आणि त्या पाण्यासाठी वरचाच हिशोब पुन्हा करा.

काळ्या मातीचा प्रदेश

चिकोडी, अथणीकडच्या वाचकांना वेगळं सांगायला हवं. तिथं पाऊस कमी आणि माती काळी आहे. ती कडक उन्हाळ्यात आकसते, मोठ्या पावसात फुगते, आणि वाड्याच्या भिंतींना तिरक्या भेगा पडतात. मे महिन्यात रुंद झालेली भेग सिमेंटनं भरू नका. पावसाळ्यात माती फुगून भेग मिटायला आली की मध्ये कठीण पाचर अडकते आणि भिंत दुसरीकडं तडकते. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलनं खुणा करून दर महिन्याला अंतर मोजा. पाऊस आला की अंतर कमी होतं, उन्हात वाढतं, तर ती मातीची हालचाल. मग पायाजवळची ओल वर्षभर सारखी राहील ते बघायचं: पागोळ्यांचं पाणी दूर न्यायचं, नळाची गळती थांबवायची, भिंतीलगतचं मोठं झाड एकाएकी तोडायचं नाही. अंतर दोन वर्षं एकाच दिशेनं वाढतच गेलं तर पाया खचतो आहे, तिथं अभियंत्याला बोलवा. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठी असाल तर 2005, 2019 आणि 2021 च्या पुराच्या खुणा भिंतीवर रंगानं कायम नोंदवा. देवळातला लाकडी ऐवज आणि पालखी कोणत्या खुणेच्या वर ठेवायची ते आधी ठरवा.

आराखडा कागदावर

शेवटी सगळं एका मोठ्या कागदावर आणा आणि तो देवळाच्या कार्यालयात लावा. तारखांऐवजी आपल्या सणांवर बांधा, मग विसरत नाही. गुढीपाडव्याला शाकारणी. अक्षय तृतीयेला पन्हळी, पाइप आणि चर साफ. मृग लागण्याआधी, म्हणजे 7 जूनच्या आत, दोन घागरी पाणी पन्हळीत ओतून ते ओढ्यापर्यंत जातं का ते पाहायचं. दिवाळीनंतर ओलीची रेष खडूनं आखायची आणि महाशिवरात्रीला पुन्हा बघायची.

त्याखाली 'अमुक झालं तर तमुक' असा रकाना ठेवा. आमच्या उदाहरणातल्या देवळात तो असा आहे. हवामान खात्यानं 115.6 मिलिमीटरपासूनच्या, म्हणजे अति जोरदार पावसाचा इशारा दिला तर आदल्या दिवशी दोन ठरलेले तरुण पन्हळ बघतात. पुढच्या पन्हळीवरून पाणी एका हंगामात दोनदा सांडलं तर तिसरा पाइप लावायचा. त्याची जागा आजच राखून ठेवली आहे. शिंतोड्यांची रेष पुन्हा जोत्याच्या वर गेली तर अंगणाची दुसरी पट्टी खाली घ्यायची. आणि महाशिवरात्रीपर्यंत ओलीची रेष दिवाळीच्या खुणेवरून खाली आली नाही तर त्या वर्षी कोणताही रंग किंवा गिलावा करायचा नाही. पाणी कुठून येतं ते पुन्हा शोधायचं.

गेल्या महाशिवरात्रीला मी गेलो होतो. पुढच्या भिंतीवरची रेष दिवाळीच्या खुणेपासून 22 सेंटिमीटर खाली आली होती. ईशान्य कोपऱ्यात ती जागची हललेली नव्हती. मामांनी तिथं कान लावून ऐकलं, मग कोपऱ्यालगतचा नळाचा जुना पाइप उकरला. सांध्यातून पाणी झिरपत होतं.